इस्पितळामागच्या कुलूपबंद खोलीतली पिशवी: ऐंशी दिवसांनी ती साधी कशी होते?

सुलभा_म्हापसा

नमस्कार मंडळी. मी उत्तर गोव्यातल्या एका इस्पितळात साफसफाईच्या बायकांवर देखरेख करते. सतरा वर्षं झाली. कचऱ्याचे रंग आमच्या अंगवळणी पडलेत. पिवळी पिशवी, लाल पिशवी, काचेचा निळा डबा, सुयांचा पांढरा डबा. सगळं ४८ तासांच्या आत गाडीत चढतं आणि कुंडईच्या इस्पितळ-कचरा केंद्रात जातं.

दीड वर्षापूर्वी आमच्याकडे किरणोत्सर्गी औषधांनी उपचार करणारा न्यूक्लिअर मेडिसिन विभाग सुरू झाला आणि त्याच्या मागे एक छोटी खोली आली. दाराला कुलूप, वर पिवळी पाटी आणि तीन पात्यांचं चिन्ह. तिथल्या कचऱ्याला आम्ही हात लावायचा नाही, विभागातले तंत्रज्ञ देतील तेव्हाच घ्यायचा, असं पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

परवा त्यांनी एक पिशवी बाहेर दिली. चिठ्ठीवर दोन तारखा होत्या, २ जून आणि २१ ऑगस्ट. पाऊस सुरू झाल्यापासून चवथ तोंडावर येईपर्यंत ती आत होती. त्यांनी आमच्यासमोर चिठ्ठी फाडली आणि म्हणाले, "आता नेहमीच्या पिवळ्या पिशवीत घाला." माझ्या दोघी बायकांनी हात लावायला नकार दिला. एक म्हणाली, "ताई, काल जे कुलपात ठेवायचं होतं ते आज साधं कसं झालं? कोणी धुतलं का ते?" मला उत्तर देता आलं नाही. पिशवी मी स्वतः उचलून घातली.

या बायकांना मी काहीतरी सांगून गप्प करणार नाही. मला आधी नीट समजून घ्यायचं आहे. कोणी सांगाल का?

निवृत्त_मास्तर

सुलभाताई, तुमच्या बायकांचं बरोबर आहे. किरणोत्सर्गी कचरा हजारो वर्षं तसाच राहतो. म्हणून तर तारापूरला तो वितळलेल्या काचेत घालून स्टीलच्या डब्यांत बंद करतात. ऐंशी दिवसांत तो कसा जाईल? हा कचरा मुंबईला, भाभा अणुसंशोधन केंद्रातच जायला हवा. इस्पितळ गाडीभाडं वाचवत असावं.

सत्तरीचा_तंत्रज्ञ

मास्तर, काचेची गोष्ट खरी आहे, पण ती अणुभट्टीत जळून झालेल्या इंधनातून निघणाऱ्या कचऱ्याची. सुलभाताईंच्या पिशवीचा त्याच्याशी संबंध नाही.

मी तेरा वर्षं याच कामात आहे, त्यामुळे पिशवीपासूनच सुरू करतो. तारखांवरून ती आयोडीनची दिसते. थायरॉइडच्या कर्करोगाच्या रुग्णाला आयोडीन-१३१ पाजतात आणि दोन-तीन दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात. त्याच्या लघवीत, थुंकीत, घामातही ते आयोडीन उतरतं. त्यामुळे त्याची कागदी ताटं, टिश्यू, उशीचा अभ्रा, आपले हातमोजे, हे सगळं त्या पिशवीत जातं.

या आयोडीनची ताकद दर ८ दिवसांनी निम्मी होते. ती धुऊन जात नाही, जाळून जात नाही, औषध मारूनही जात नाही. आपल्या हातात फक्त थांबणं आहे. समजा २ जूनला पिशवी बांधली तेव्हा तिला किरणोत्सर्ग मोजणारा मीटर टेकवल्यावर तासाला १६ मायक्रोसिव्हर्ट दिसले. १० जूनला ८, १८ जूनला ४, २६ जूनला २. असं निम्मं निम्मं करत २१ ऑगस्टला दहावी पायरी येते आणि पिशवीचा स्वतःचा वाटा उरतो ०.०१६. आपल्या आवारातली जमीन, चिऱ्याच्या भिंती आणि वरून आकाशातून येणारं, असं सगळं मिळून मीटर एरवीही ०.१ च्या आसपास दाखवतोच. म्हणजे त्या दिवशी पिशवीपेक्षा तिच्याभोवतीची जमीन आणि चिऱ्याच्या भिंती जास्त देत होत्या. तुमच्या बाईंना हे असंच सांगा: कोणी धुतलं नाही, ते आपोआप विझलं.

पर्वरीची_रोहिणी

आमच्या दातांच्या डॉक्टरांकडे एक्स-रे मशीन आहे. तिथल्या कापसालाही असंच दोन-तीन महिने ठेवतात का? लहान मुलाला नेते मी तिथे.

मडगाव_फिजिक्स

रोहिणीताई, नाही. एक्स-रे मशीन विजेवर चालतं. बटण सोडलं की किरण संपले, मागे काही उरत नाही, कापसातही नाही. सुलभाताईंच्या इथे प्रत्यक्ष पदार्थच रुग्णाच्या अंगात जातो आणि अंगातून बाहेर येतो. त्यामुळे हा सगळा खटाटोप.

तंत्रज्ञदादा, एक शंका. निम्मं होण्याच्या दहा पायऱ्या, म्हणजे हजाराव्या भागाच्या जवळ. पण सुरुवातच मोठी असेल तर हजारावा भागही काही कमी नव्हे. मग दहाच का?

सत्तरीचा_तंत्रज्ञ

नेमकं विचारलंत. दहा हा अंदाज बांधण्यासाठी आहे, निकाल त्याच्यावर नाही. तीच पिशवी १६ ऐवजी १६० ची असती, तर ऐंशी दिवसांनी तिच्यात ०.१६ उरले असते. तिला आणखी तीन पायऱ्या, म्हणजे २४ दिवस थांबायला लागलं असतं. चिठ्ठीवरची तारीख म्हणजे "या दिवशी तपासा". "या दिवशी टाका" असं ती सांगत नाही. टाकायचं की नाही हे मीटर ठरवतो.

आणि तो मीटर कसा लावतात, तेही बघत जा ताई. चूक बहुतेक तिथेच होते. त्या खोलीत उभं राहून मोजायचं नाही, कारण शेजारच्या कपाटातल्या ताज्या पिशव्याच मीटरला हलवत राहतात. पिशवी एकटी बाहेर, लांबच्या स्वच्छ जागी आणायची. आधी पिशवीशिवाय तिथला आकडा घ्यायचा. मग मीटरचं तोंड पिशवीच्या अगदी जवळून, हळूहळू, सगळ्या बाजूंनी फिरवायचं. भरभर फिरवला तर कोपऱ्यात राहिलेला एखादा टिश्यू निसटतो. बॅटरी उतरलेली असली तर मीटर गोड आकडा दाखवतो आणि आपण फसतो. पिशवी ठेवली काय, उचलली काय, आकड्यात फरक ओळखता येत नसेल तरच ती सुटली. मग चिन्हाची चिठ्ठी फाडून टाकायची, कारण चिन्ह तसंच ठेवून पिशवी कुंडईला गेली तर तिथले लोक गाडी थांबवणार, आणि ते योग्यच आहे. नोंदवहीत दोन्ही आकडे, तारीख आणि सही.

कुळागर

आमचं घर अशाच एका इस्पितळाच्या उतारावर आहे. पिशव्यांचं समजलं. पण रुग्णाच्या लघवीतून जातं म्हणता, ते कुठे जातं? आमची विहीर आहे. चिऱ्यातून पाणी कसं झिरपतं हे आम्हाला सांगायला नको. पावसात सेप्टिक टँकचा वास विहिरीपर्यंत येतो.

सत्तरीचा_तंत्रज्ञ

भाऊ, शंका रास्त आहे. आयोडीनच्या खोलीचं शौचालय इस्पितळाच्या नेहमीच्या गटाराला थेट जोडलेलं नसतं. त्याची वेगळी नळी वेगळ्या टाक्यांत जाते. टाक्या निदान दोन असतात. एक भरत असते तेव्हा दुसरी बंद असते आणि आतलं आयोडीन विझत असतं. पहिली भरली की ती बंद करून दुसरी सुरू करायची. सोडण्याआधी पाण्याचा नमुना मोजतात आणि तो मर्यादेत असेल तरच पाणी गटारात जातं. या टाक्या सेप्टिक टँकसारख्या जमिनीत झिरपू देणाऱ्या नसतात, आतून-बाहेरून गळतीबंद असतात.

यात कच्चा दुवा टाकीच्या आकाराचा. बाया-माणसं सवयीने भरपूर पाणी ओततात. रुग्ण वाढले, फ्लश वाढले, की टाकी ठरल्यापेक्षा लवकर भरते आणि थांबायचे दिवस कमी पडतात. अशा वेळी नवा रुग्ण घेणं थांबवायचं, टाकी लवकर सोडायची नाही. तुम्ही इस्पितळाच्या किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याला जाऊन विचारा की टाकी शेवटची कधी सोडली आणि तेव्हाचा आकडा काय होता. ही नोंद ठेवावीच लागते.

कुळागर

विचारीन. दाखवतात की नाही ते इथे कळवतो.

वेर्ण्याचा_फिटर

इस्पितळाचं चाललंय, पण कारखान्याचंही सांगतो. मी ज्या कंपनीत होतो तिथे डब्यात माल किती भरला ते बाहेरून मोजणारं एक यंत्र होतं. लाइन बंद पडली, मालकाने सगळं भंगारात काढायचं ठरवलं. ट्रकवर चढवताना एक लोखंडी ठोकळा हातात घेतला, तर आकाराच्या मानाने फारच जड. ग्रीस पुसलं तर खाली तेच तीन पात्यांचं चिन्ह. मी सगळ्यांना मागे केलं. ठोकळा उघडला नाही, ठोकला नाही, तिथेच दोरी बांधून जागा अडवली आणि मॅनेजरला फोन लावायला सांगितलं. नशिबाने झडप बंद होती. पुढे पुरवठादाराची माणसं येऊन घेऊन गेली.

माझा प्रश्न असा की असा ठोकळा इस्पितळाच्या त्या खोलीत ठेवून विझवता आला नसता का? मालक तेच म्हणत होता, "कुठेतरी ठेवून देऊ दोन वर्षं."

सत्तरीचा_तंत्रज्ञ

दादा, तुम्ही हात थांबवलात म्हणून मोठं काम झालं. नाही, ते तसं विझत नाही. अशा पातळीमापकांत बहुधा अमेरिशियम-२४१ किंवा सीझियम-१३७ असतं. सीझियम निम्मं व्हायला ३० वर्षं, अमेरिशियमला ४३२ वर्षं. दोन वर्षांनी तो ठोकळा जवळपास तसाच असता आणि तोवर तो कशाचा आहे हे सांगणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असता.

तसं होतं तेव्हा काय घडतं ते दिल्लीच्या मायापुरीत २०१० साली दिसलं. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं वर्षानुवर्षं पडून असलेलं जुनं कोबाल्टचं यंत्र लिलावात भंगारवाल्याकडे गेलं, त्याने ते फोडलं. एक माणूस दगावला, आणखी काही जणांना किरणोत्सर्गाने इजा झाली. कोबाल्ट-६० निम्मं व्हायला सव्वापाच वर्षं लागतात. "खूप जुनं आहे" एवढ्याने काही होत नाही.

म्हणून बंद डबीतल्या अशा स्रोतांना वेगळाच रस्ता आहे. विकत घेतानाच परत कोण घेणार हे ठरलेलं असतं. काम संपलं की पुरवठादाराकडे परत. वास्कोला जहाजाचं वेल्डिंग तपासायला जे इरिडियम वापरतात, ते ७४ दिवसांत निम्मं होतं, तेही ताकद उतरली की असंच परत जातं. ज्याला परत जायला जागा नाही तो शेवटी सरकारी ठिकाणी जमिनीलगतच्या सिमेंट काँक्रीटच्या खंदकांत किंवा नळकांड्यांत बंद होतो, आणि ती जागा पिढ्यान्‌पिढ्या राखावी लागते. मास्तर, तुम्ही म्हणता ते भाभा केंद्र इथे येतं.

निवृत्त_मास्तर

मान्य. मी दोन्ही एकाच मापाने मोजत होतो. पण मग इस्पितळात जर कोणी लवकर विझणारं आणि उशिरा विझणारं एकाच डब्यात टाकलं तर?

सुलभा_म्हापसा

मास्तर, तुम्ही माझ्याच मनातलं विचारलंत. मी आज तंत्रज्ञांना विनंती करून खोली दारातून बघितली. आत शिशाचे पत्रे लावलेले कप्पे आहेत, प्रत्येकावर वेगळं नाव. पिशवीला चिठ्ठी चिकटवत नाहीत, दोऱ्याने पुठ्ठ्याचं लेबल बांधतात आणि त्यावर प्लास्टिक. पावसाच्या दमटपणाने पहिल्या वर्षी चिकटवलेल्या चिठ्ठ्या गळून पडल्या होत्या म्हणे, आणि शाईही पसरली होती. तेव्हा कोणती पिशवी कधीची ते नोंदवहीवरून आणि मीटरवरून शोधायला दोन दिवस गेले.

तिथे एका कोपऱ्यात १ मेची पिशवी अजून आहे. लेबलवर "ल्युटेशियम-१७७" लिहिलंय, आयोडीनसारखंच किरणोत्सर्गी औषध म्हणे, आणि त्याखाली "निम्मं ६.६५ दिवस". म्हणजे आयोडीनपेक्षाही लवकर विझणारं. मग आयोडीनची २ जूनची बाहेर आली आणि मेची आतच कशी? विचारलं तर म्हणाले, "ती उतरत नाहीये." याचा अर्थ काय? कोणी भलतंच टाकलं का तिच्यात? माझ्या हाताखालची नवी कामगार मुलगी त्या वेळी रुजू झाली होती, आणि तिच्याकडून चुकलं असेल या धास्तीने मला झोप लागलेली नाही.

सत्तरीचा_तंत्रज्ञ

ताई, लेबलवर नंतरचे आकडे असतील तर टाका. मग सांगतो.

सुलभा_म्हापसा

आहेत, फोनवर फोटो काढायला परवानगी नव्हती, पण वहीत उतरवून आणलेत. १ मे: १२०. १० जुलै: ०.३६. २४ जुलै: ०.२९. ७ ऑगस्ट: ०.२६. २१ ऑगस्ट: ०.२५. बाजूला "खोलीबाहेर, मोकळ्या जागी ०.१०" असंही लिहिलंय.

सत्तरीचा_तंत्रज्ञ

तुमची मुलगी बहुतेक निर्दोष आहे. आकडे बघूया.

१ मे ते १० जुलै म्हणजे ७० दिवस, साडेदहा पायऱ्या. १२० चा साधारण दीड हजारावा भाग, ०.०८. त्यात नेहमीचे ०.१ मिळवले तर मीटरवर ०.१८ दिसायला हवे होते. दिसले ०.३६. पुढच्या दोन आठवड्यांत ते ०.१२ व्हायला हवे होते, झाले ०.२९. आणि नंतर उतार जवळजवळ थांबला. नेहमीचे ०.१ वजा केले तर १५-१६ शतांश तिथेच अडून बसलेत.

ताज्या पिशवीत भलतंच मिसळलं असतं तर असाच आकार दिसला असता. सुरुवातीला लवकर विझणारं खाली येतं, मग उशिरा विझणारं उघडं पडतं. पण ल्युटेशियममध्ये हा सोबती बहुतेक वेळा कारखान्यातूनच येतो. ल्युटेशियम-१७७ करायच्या दोन रीती आहेत. ल्युटेशियमच्याच नमुन्यावर अणुभट्टीत न्यूट्रॉन मारले की ल्युटेशियम-१७७ सोबत त्याचंच एक जुळं भावंड होतं, ते १६० दिवसांत निम्मं होतं. त्याचं प्रमाण हजारात एकाहूनही कमी. रुग्णाला त्याने काही फरक पडत नाही, उपचारातही दिसत नाही, पण कचऱ्याच्या पिशवीत ७० दिवसांनी तेवढंच उरतं. दुसऱ्या रीतीत, यटर्बियमपासून सुरुवात केली तर हे भावंड येत नाही. तुमच्या विभागाने पुरवठादाराच्या कागदावर कोणती रीत लिहिलीय ते बघावं. पहिली असेल तर कोडं तिथेच सुटलं.

मडगाव_फिजिक्स

म्हणजे आकडे कुठे अडतात यावरून काय उरलंय ते ओळखता येतं. सुंदर. पण दादा, उरलेले १५ शतांश १६० दिवसांना निम्मे. नेहमीच्या आकड्यात मिसळून जायला दीड-पावणेदोन वर्षं लागतील. तोवर दर महिन्याला नवी ल्युटेशियमची पिशवी येणार. एवढीशी खोली पुरेल कशी?

सत्तरीचा_तंत्रज्ञ

नाही पुरत. याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. आम्ही आमच्याकडे ल्युटेशियमचा कचरा पहिल्याच डब्यापासून दोन भागांत करतो. ज्या काचेच्या कुपीत, नळीत औषध प्रत्यक्ष होतं ते वेगळं, कारण उरलेलं औषध, आणि त्याच्यासोबत जुळं भावंडही, बहुतांश तिथेच राहतं. हातमोजे, टिश्यू वेगळे. मोजे लवकर सुटतात, कुप्या थोड्या जागेत मावतात. अणुऊर्जा नियामक मंडळाकडून कुप्या पुरवठादाराकडे परत पाठवायची वाट मिळाली तर बरं होईल, पण त्याला दरवेळी परवानगी, वाहतुकीचा डबा, कागद लागतात.

आणि मास्तरांच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. एका आयोडीनच्या पिशवीत ल्युटेशियमची एक कुपी पडली, तर सगळी पिशवी त्या कुपीइतकी थांबते. नंतर उघडून निवडता येत नाही. निवडायला हात घातला की आपणच माखतो, आणि आयोडीन तर पिशवी उघडल्यावर हवेतही उडतं. म्हणून वेगळं करायची वेळ एकच, हातातून डब्यात टाकताना. ताई, तुमच्या मुलीला एवढं मात्र नक्की शिकवा.

मंगल_डिचोली

मी सगळं वाचत होते. माझ्या आईला चार महिन्यांपूर्वी मुंबईत आयोडीन दिलं, थायरॉइडसाठी, १०० मिलिक्युरी. तीन दिवसांनी घरी सोडलं. तिला लघवी आवरत नाही, डायपर लागतात. इस्पितळाने म्हटलं डायपर आठवडाभर वेगळे ठेवा. मी दुहेरी पिशव्यांत बांधून मागच्या पडवीत ठेवले, मग पंचायतीच्या गाडीत दिले. गाडीवरच्या पोराला मी काही बोलले नाही. ते चुकलं का? हे मला आजही टोचतं.

सत्तरीचा_तंत्रज्ञ

मंगलताई, पहिल्या दोन दिवसांत बरंचसं आयोडीन इस्पितळातच लघवीतून गेलेलं होतं. उरलेल्याची मात्रा ठरलेल्या मर्यादेखाली आल्याशिवाय घरी सोडत नाहीत. तुम्ही दुहेरी बांधलंत, वेगळं ठेवलंत, ते योग्य केलंत. त्या पोराला जे मिळालं असेल ते फार थोडं, थोड्या वेळाचं.

पण मी असतो तर आठ दिवस नव्हे, शक्य तितके आठवडे ठेवा म्हणालो असतो. डायपर लागणाऱ्या रुग्णाच्या घरी काय करायचं यावर एकेक इस्पितळ वेगळं सांगतं. परदेशात कचऱ्याच्या नाक्यावर मीटर बसवलेत तिथे असेच डायपर घंटा वाजवतात आणि मग गाडी अडते.

निवृत्त_मास्तर

मग पंचायतीनेच असा कचरा वेगळा उचलावा.

मंगल_डिचोली

मास्तर, पंचायतीला सांगायचं तर आईचा आजार सगळ्या वाड्याला सांगावा लागेल. आईला ते नको होतं.

सुलभा_म्हापसा

मंगलताई, तुमची अडचण मला समजते. माझ्याकडे उत्तर नाही.

आज दुपारी मी बायकांना एकत्र बसवलं. तुमचे आकडे फळ्यावर लिहिले, १६ पासून ०.०१६ पर्यंत. एकीने स्वतःच पुढचे निम्मे काढले. चिऱ्याच्या भिंतीची गोष्ट ऐकून त्यांनी भिंतीकडे बघितलं. कागद तपासला, ल्युटेशियम पहिल्या रीतीचंच निघालं. त्या पिशवीवर आता दीड वर्षानंतरची तारीख लिहिलीय आणि नवी मुलगी मोकळी झाली.

जिने पहिल्यांदा नकार दिला होता ती अजून पुरती तयार नाही. ती म्हणाली, "मीटर माझ्यासमोर लावा, पिशवी ठेवून एकदा, उचलून एकदा. मग मी उचलीन." आमच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी ते मान्य केलंय. पुढची आयोडीनची पिशवी ९ सप्टेंबरला तपासायची आहे. सकाळी साडेनऊला, मागच्या फाटकापाशी.